पिन टाकल्याशिवाय कागद नाही: ऑफिसच्या सामायिक प्रिंटरवर काही महिने

सातपूरच्या आमच्या कारखान्यात अकाउंट्स, एचआर आणि खरेदी या तिघांना मिळून एकच मोठं मल्टिफंक्शन मशीन आहे, तेही जिन्याजवळच्या पॅसेजमध्ये. पगारवाढीची पत्रं काढायची म्हटली की एकाने टेबलावरून प्रिंट द्यायची आणि दुसऱ्याने आधीच मशीनपाशी उभं राहायचं, अशी आमची पद्धत होती. एप्रिलच्या आधी पिन टाकून प्रिंट सोडण्याची सोय चालू करून घेतली. ती विकत घ्यावी लागली नाही, मशीनमध्ये आधीपासूनच होती. कंपनीगणिक तिचं नाव बदलतं: झेरॉक्सकडे Secure Print, रिकोकडे Locked Print, क्योसेराकडे Private Print. काम सगळीकडे तेच.

प्रिंट देताना Printer Properties उघडायचं, जॉबचा प्रकार बदलून Secure Print करायचा, चार अंकी पिन घालायचा आणि प्रिंट द्यायची. कागद बाहेर येत नाही, जॉब मशीनच्या आत थांबतो. मग आपण निवांत उठून जायचं, पॅनेलवर आपलं नाव निवडायचं, जॉब निवडायचा, पिन टाकायचा. छापून झालं की जॉब आतून पुसला जातो. दोन-तीनदा केलं की हाताला सवय होते. सुरुवातीला आमच्या काही कॉम्प्युटरवर हा पर्याय करडा दिसत होता. मशीनमध्ये हार्ड डिस्क आहे हे ड्रायव्हरला माहीतच नव्हतं. Device Settings मध्ये जाऊन डिस्क Installed केल्यावर पर्याय जिवंत झाला. सर्व्हिस इंजिनिअरला बोलावण्याआधी हे बघून घ्या.

आता ज्यासाठी मुख्यतः हे लिहितोय ते. एक्सेलमधून प्रिंट देत असाल तर या सोयीवर डोळे मिटून विसंबू नका.

आमच्या पगाराच्या फाइलमध्ये चार शीट आहेत: गोषवारा, स्टाफ, कामगार, कंत्राटी. अकाउंट्समधल्या सहकाऱ्याने गोषवारा उघडा असताना पिन लावला आणि Print Entire Workbook निवडून प्रिंट दिली. तो मशीनपाशी पोचेपर्यंत स्टाफचं शीट ट्रेमध्ये येऊन पडलेलं. पॅनेलवर थांबलेला जॉब एकच, आणि त्यात फक्त गोषवारा. मशीन बिघडलंय असंच सगळ्यांना वाटलं, पण मशीनने सांगितलं तेच केलं होतं. एक्सेल प्रिंटरची सेटिंग्ज अख्ख्या फाइलसाठी एकदाच न ठेवता प्रत्येक शीटबरोबर वेगळी साठवतं. Printer Properties मध्ये केलेला बदल समोर उघड्या शीटला लागला. बाकीची शीट आपापल्या जुन्या सेटिंग्जसह, म्हणजे पिनशिवाय, निघाली. दोन्ही बाजूंनी छापायला सांगूनही पुढची शीट एकाच बाजूने येतात, हा अनुभव पुष्कळांना असेल. कारण हेच आहे. फरक इतकाच की तिथे कागद वाया जातो आणि इथे सगळ्यांचे पगार पॅसेजमध्ये जातात.

यावर एक उपाय असा की खालच्या टॅबवर राइट-क्लिक करून Select All Sheets करायचं आणि मग प्रिंटरची सेटिंग्ज लावायची. पण शीट अशी एकत्र निवडलेली असताना कुणी एका सेलमध्ये काही टाइप केलं तर ते चारही शीटमध्ये जातं. पगाराच्या फाइलवर असला खेळ कोण करणार? आम्ही शेवटी पीडीएफवर आलो. आधी सगळ्या वर्कबुकची एक पीडीएफ करायची, तिला पिन लावून प्रिंट द्यायची आणि नंतर ती फाइल काढून टाकायची. पीडीएफ एकच जॉब म्हणून जाते, त्यामुळे काही मागे सुटत नाही. पॅनेलवर पानांची संख्या दिसत असेल तर पिन टाकण्याआधी ती फाइलशी ताडून पाहा; कमी दिसली तर आधी ट्रे बघा.

दुसरा फायद्याचा बदल म्हणजे तोच प्रिंटर विंडोजमध्ये दुसऱ्यांदा, ‘गोपनीय’ नावाने जोडला. त्याच्या Printer properties मध्ये Advanced टॅबवर Printing Defaults असतं, तिथे Secure Print कायमचं लावून ठेवलं. एचआरच्या माणसाला आता सेटिंग आठवावं लागत नाही, फक्त प्रिंटर निवडावा लागतो. पिन मात्र तिथे साठवू नका, नाहीतर सगळ्यांचा पिन एकच होतो. आमचा ड्रायव्हर दर वेळी विचारतो. एक्सेलची जुनी फाइल इथेही दगा देऊ शकते, कारण शीटबरोबर साठवलेली सेटिंग्ज या डीफॉल्टला मानतीलच असं नाही. म्हणून पीडीएफचा नियम या प्रिंटरलाही आहेच.

पिन कागद झाकतो, पण फाइलचं नाव झाकत नाही, हे फार जण विसरतात. पॅनेलवरच्या यादीत ‘नोटीस_अमुक_कामावरून कमी’ असं नाव झळकलं तर आतलं पान वाचायची गरजच काय! ड्रायव्हरमध्ये जॉबला वेगळं नाव द्यायची सोय असेल तर ती वापरा, नसेल तर प्रिंटआधी फाइलचंच नाव साधं करा.

छपाईच्या मधेच कागद संपला तर काय होतं, हेही बघून ठेवा. पिन टाकला की जॉब सुटतो, नंतर त्याच्यावर पहारा नाही. फॉर्म १६ च्या गठ्ठ्याच्या मध्यावर ट्रे रिकामा झाला आणि आपण रीम आणायला स्टोअरमध्ये गेलो, तेवढ्यात खरेदीवाल्याने स्वतःच्या कामासाठी कागद भरला, की आपली उरलेली पानं त्याच्या हातात. पेपर जॅमचंही तसंच. मोठा गठ्ठा असेल तर ट्रे आधी भरायचा, आणि अडकलंच तर जागा सोडण्याआधी पॅनेलवरून जॉब रद्द करायचा.

वीज गेली की आमच्या मशीनमधले थांबलेले जॉब पुसले जातात. उन्हाळ्यात याचा वैताग आला, पण मला ते बरोबरच वाटतं. न सोडलेले जॉब किती वेळ ठेवायचे हेही मशीनमध्ये ठरवता येतं. आम्ही चार तास ठेवलेत. सकाळची शिफ्ट प्रिंट देते आणि विसरते, तेवढ्याला ते पुरतं.

आयटीवाल्यांसाठी एक गोष्ट. हा पिन म्हणजे फाइलवरचं कुलूप नव्हे. एचपीसारख्या मशीनला जॉब जातो तेव्हा सुरुवातीला साध्या मजकुरात अशा ओळी असतात:

```
@PJL SET HOLD=ON
@PJL SET HOLDTYPE=PRIVATE
@PJL SET HOLDKEY="4821"
```

खात्री करायची असेल तर प्रिंट देताना Print to file वर टिक करा आणि तयार झालेली फाइल नोटपॅडमध्ये उघडा. तुमच्या ड्रायव्हरने पिन उघडा ठेवलाय की झाकून पाठवलाय ते दिसेल. पोर्ट ९१०० वरून साधा जॉब जातो तेव्हा वाटेत एन्क्रिप्शन नसतं. त्यामुळे ही सोय ट्रेपाशी घुटमळणाऱ्यांसाठी आहे, नेटवर्कवर कान लावून बसलेल्यासाठी नाही. आमचा त्रास पहिल्या प्रकारचा होता, तो संपला.

एक मशीन आणि थोडी माणसं असतील तर वेगळा खर्च करू नका, हे पुरतं. मजल्या-मजल्यावर मशीन असतील तर मात्र अडचण होते, कारण जॉब ज्या मशीनला दिला त्याच्याच पोटात असतो. ते बंद पडलं की दुसऱ्यावरून काढता येत नाही. तिथे जॉब सर्व्हरवर थांबवून कुठल्याही मशीनवर ओळखपत्र टेकवून काढायची पद्धत लागते, पेपरकटचं फाइंड-मी असतं तशी. तिला सर्व्हर, कार्ड रीडर आणि लायसन्स असा खर्च आहे. आमच्या खरेदीवाल्याने कोटेशन मागवलंय, पण दुसरं मशीन येईपर्यंत मी त्यावर सही करणार नाही.