भाडं 'प्रो-राटा' परत देतो म्हणाले आणि साडेआठ हजार कापले

पुण्यात भाड्याने राहणाऱ्यांनी, विशेषतः महिन्याच्या मधेच घर सोडणाऱ्यांनी, हे जरूर वाचावं.

आमचं भाडं २४,८०० रुपये. ऑगस्टचं पूर्ण भाडं भरून झालं होतं आणि मालकांनीच नातेवाइकांसाठी घर लवकर मागितलं. "उरलेल्या दिवसांचं भाडं प्रो-राटा परत देतो," असा त्यांचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज होता. १२ तारखेला संध्याकाळी घर रिकामं करून किल्ल्या त्यांच्या हातात दिल्या.

प्रो-राटा म्हणजे दिवसांच्या प्रमाणात. ऑगस्टचे दिवस ३१, म्हणजे रोजचे ८०० रुपये. बारा दिवस आम्ही राहिलो, एकोणीस उरले. परत यायला हवे होते १५,२०० रुपये. खात्यात आले ६,६०६.

फोन केला तर म्हणाले, "अहो, रंगकाम २२ तारखेला संपलं. तोवर घर तुमच्याच नावावर धरायचं असतं." हे साफ खोटं आहे. रंगाचा खर्च करारानुसार डिपॉझिटमधून आधीच वळता केला होता. किल्ल्या दिल्यावर घर त्यांच्या ताब्यात गेलं, मग पुढच्या दहा दिवसांचं भाडं आमच्याकडून कशाचं? तिथे ८,००० गेले.

दुसरी कात्री बारीक होती, म्हणूनच जास्त चीड आली. त्यांनी महिना ३० दिवसांचा धरून रोजचा दर ८२७ लावला आणि त्या दराने २२ दिवसांचे पैसे कापून बाकी परत केली. यात आणखी ५९४ रुपये गेले. हे ओळखायला सोपं आहे: सांगितलेल्या दराला त्या महिन्याच्या खऱ्या दिवसांनी गुणा. ८२७ गुणिले ३१ म्हणजे २५,६३७. हा आकडा भाड्यापेक्षा जास्त आला, तर दर फुगवलेला आहे. काही करारांत महिना ३० दिवसांचाच धरायचा असं लिहिलेलं असतं, तिथे वाद घालता येत नाही. आमच्या करारात तसं काहीच नव्हतं.

एक मर्यादा मात्र लक्षात घ्या. भाडेकरूने स्वतःहून, नोटीस न देता घर सोडलं, तर नोटिशीच्या काळाचं भाडं करारानुसार कापलं जाऊ शकतं. तिथे दिवसांचा हिशोब फारसा उपयोगी पडत नाही. आमच्या बाबतीत घर मालकांनी मागितलं होतं, शिवाय परताव्याचं लेखी कबूल केलं होतं.

त्यांचा तो मेसेज, किल्ल्या देतानाचा फोटो आणि हा हिशोब एकत्र पाठवल्यावर ५९४ रुपये आले. आठ हजार अजून अडकलेले आहेत, त्यासाठी वकिलाची नोटीस तयार होतेय.

तुमच्यावर अशी वेळ आली तर नुसत्या 'प्रो-राटा' शब्दावर थांबू नका. घर सोडण्याआधीच मालकांकडून एवढं लिहून घ्या: "किल्ल्या १२ ऑगस्टला मिळतील, भाडं त्या दिवसापर्यंतच, महिना ३१ दिवसांचा, परतावा १५,२०० रुपये."