आलेखावरून समीकरण: शिरोबिंदू धरायचा की तीन बिंदू?

यवतमाळकडच्या आमच्या गावात मी अकरावीची शिकवणी घेतो. परवा फळ्यावर खाली तोंड असलेला अन्वस्त काढला: शिरोबिंदू (3, 4), आणि आलेख (5, 2) मधून जाणारा. समीकरण दोन रीतींनी निघतं.

पहिली रीत शिरोबिंदूची. `y = a(x − 3)² + 4` लिहायचं. शिरोबिंदूपासून दोन घरं उजवीकडे गेलं की साधा `y = x²` चार घरं चढतो. इथे आलेख दोनच घरं उतरला. म्हणून ताण निम्मा, आणि उलटा असल्याने `a = −1/2`.

"सर, उजवीकडं सरकला तं अधिक तीन पाहिजे ना?" एका पोरीनं विचारलं. हीच चूक सगळ्यात जास्त होते. शिरोबिंदूपाशी कंस शून्य झाला पाहिजे. `x = 3` ठेवून पाहा, `x + 3` मध्ये सहा येतात. क्रमही सांभाळा: आधी उलटा, मग चार वर. आधी वर नेऊन X-अक्षात उलटवला, तर शिरोबिंदू −4 वर जातो.

दुसरी रीत: `y = ax² + bx + c` मध्ये आलेखावरचे तीन बिंदू (1, 2), (3, 4), (5, 2) ठेवून तीन समीकरणं सोडवायची; (1, 2) हा (5, 2) चा शिरोबिंदूच्या डावीकडचा जोडीदार. उत्तर `y = −x²/2 + 3x − 1/2`, म्हणजे तेच. पण सरकणं-उलटणं त्यात दिसत नाही.

तरी शिरोबिंदू आलेख कागदाच्या घरांमध्ये अडकला असेल, तर मी दुसरीच घेतो. अंदाजानं वाचलेला शिरोबिंदू सगळं समीकरण बिघडवतो.