वर्किंग सेट की पेज फॉल्ट फ्रिक्वेन्सी: थ्रॅशिंग आवरायला काय बरं?

डिमांड पेजिंग असलेल्या छोट्या कर्नलमध्ये कोणत्या प्रोसेसला किती फ्रेम द्यायच्या, हे ठरवायची वेळ आली की दोन नावं समोर येतात. एक डेनिंग यांचं १९६८चं वर्किंग सेट मॉडेल, दुसरी पेज फॉल्ट फ्रिक्वेन्सी. मी दोन्ही वापरून पाहिली.

विचार म्हणून वर्किंग सेटच देखणा. मागच्या Δ संदर्भांत जी पानं लागली, ती मेमरीत ठेवायची. सगळ्या प्रोसेसच्या गरजेची बेरीज फ्रेमपेक्षा जास्त झाली, तर एखादी प्रोसेस थांबवायची. पण हा Δ किती घ्यायचा? माझं सगळं अडलं ते इथेच.

समजा, एक लूप ६० पानांवरून फिरतो आणि प्रत्येक पानावर सलग १०० संदर्भ करतो. एक फेरी ६,००० संदर्भांची झाली. मी Δ ५,००० ठेवला, तर जेमतेम ५० पानं टिकतात आणि पुढचं हवं असलेलं पान नेमकं नुकतंच बाहेर गेलेलं असतं. म्हणजे दर १०० संदर्भांमागे एक फॉल्ट, तोही कायमचा. मेमरीला १०० नॅनोसेकंद आणि एसएसडीवरून फॉल्ट निस्तरायला १०० मायक्रोसेकंद धरले, तर एका संदर्भाला लागणारा सरासरी वेळ, म्हणजे EAT, असा येतो:

```
EAT = 0.99 × 100 + 0.01 × 100000 = 1099 ns
```

जवळजवळ अकरापट संथ, तेही बाजूला फ्रेम मोकळ्या पडलेल्या असताना! फॉल्ट निस्तरायला ८ मिलिसेकंद घेणारी हार्ड डिस्क असेल, तर हाच आकडा ८० मायक्रोसेकंदांवर जातो. बरं, Δ वाढवावा तर काम एका टप्प्यातून दुसऱ्यात जाताना जुनी-नवी पानं एकत्र मोजली जातात, आणि बिचारी दुसरीच प्रोसेस विनाकारण थांबवली जाते.

फॉल्ट फ्रिक्वेन्सी थेट त्या सूत्रातल्या फॉल्टच्या प्रमाणाकडेच, म्हणजे वरच्या 0.01 कडेच बघते. दोन फॉल्टमधलं अंतर ठरवलेल्या मर्यादेपेक्षा कमी भरलं, तर एक फ्रेम वाढवून द्यायची. जास्त भरलं, तर रेफरन्स बिट न लागलेली पानं काढून घ्यायची. वरच्या लूपला आणखी दहा फ्रेम मिळाल्या की फॉल्ट थांबतात. मर्यादा इथेही निवडावी लागतेच, पण ती सूत्रावरून काढता येते: एसएसडीवर दहा टक्के संथपणा चालणार असेल, तर साधारण १०,००० संदर्भांत एक फॉल्ट. Δ साठी असा धागा मला तरी सापडला नाही.

हिचेही दोष आहेत. टप्पा बदलताना फॉल्ट एकदम उसळतात, तेव्हा ती भराभर फ्रेम वाटत सुटते, आणि जुनी पानं फॉल्ट मंदावेपर्यंत अडून राहतात. फ्रेम शिल्लकच नसतील, तर प्रोसेस थांबवण्यावाचून इलाज नाही. तुमच्याकडे प्रोसेस वारंवार थांबवून पुन्हा सुरू कराव्या लागत असतील, तर वर्किंग सेट घ्या. परत आणताना कोणती पानं आधीच भरायची, याची यादी तिथे तयार असते. एरवी मी फॉल्ट मोजण्याकडेच झुकेन.