७५ ओहमची एसडीआय केबल : लग्नसराई आणि कीर्तन सप्ताहांतील वापरानंतरचा अनुभव

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत आम्ही लग्ने, कीर्तन सप्ताह आणि सभा यांचे थेट चित्रीकरण करतो. स्टेजजवळच्या कॅमेऱ्यापासून मंडपामागच्या मिक्सरपर्यंत सिग्नल नेण्यासाठी आम्ही आरजी-६ जाडीची, आत भरीव तांब्याची तार असलेली एसडीआय, म्हणजे कॅमेऱ्याचे डिजिटल चित्र नेणारी केबल घेतली आणि तिच्या दोन्ही टोकांना ७५ ओहमचे क्रिंप करायचे, म्हणजे दाबून घट्ट करायचे बीएनसी कनेक्टर बसवून घेतले. हिवाळ्यापासून मे महिन्याच्या लग्नसराईपर्यंत ती सतत वापरात आहे. सीसीटीव्हीची केबल याहून पुष्कळ स्वस्त मिळते आणि तिलाही असेच बीएनसी असतात, मग जास्त पैसे कशासाठी, हा प्रश्न आम्हाला जवळजवळ प्रत्येक हॉलमध्ये विचारला जातो. त्यामुळे हा अनुभव मुख्यतः त्याच प्रश्नाभोवती लिहीत आहे.

पाचोऱ्याकडच्या एका लॉन्सवर याची चांगली पारख झाली. तेथील मालकांनी भिंतीतून आधीच टाकलेली सीसीटीव्हीची थ्री प्लस वन, म्हणजे चित्राच्या केबलसोबत तीन साध्या तारा असलेली केबल आम्हाला दाखवली आणि "भाऊ, ही तयार असताना नवीन कशाला ओढता?" असे सुचवले. त्या केबलवर त्यांचा अ‍ॅनालॉग कॅमेरा डीव्हीआरवर स्वच्छ दिसत होता. आमच्या कॅमेऱ्याचे एसडीआय आउटपुट तिला जोडले, तेव्हा मिक्सरवर काळ्या पडद्याशिवाय काहीच आले नाही. मालकांच्या परवानगीने एक टोक कापून पाहिले. बीएनसी नुसता पिळून बसवलेला होता आणि जाळी इतकी विरळ होती की तिच्यातून खालचा पांढरा फोम दिसत होता. मधल्या तारेला स्पीकरचे चुंबक लावताच ती चिकटली, म्हणजे ती तांब्याचा मुलामा दिलेली लोखंडी तार होती.

त्या केबलवर अ‍ॅनालॉग चित्र चालते आणि एसडीआय चालत नाही, याचे कारण वारंवारतेत आहे. जुन्या पॅल पद्धतीच्या चित्राला सुमारे ५ मेगाहर्ट्झ पुरतात आणि नव्या एचडी अ‍ॅनालॉग सीसीटीव्हीलाही काही दशक मेगाहर्ट्झच लागतात. एचडी-एसडीआय मात्र सेकंदाला १.४८५ गिगाबिट आणि थ्रीजी-एसडीआय २.९७ गिगाबिट पाठवते. केबलच्या हिशेबासाठी या वेगाच्या निम्मी वारंवारता धरतात, म्हणजे अनुक्रमे सुमारे ७५० आणि १५०० मेगाहर्ट्झ. येथे एक शंका नेहमी निघते की डिश टीव्हीची केबलही लोखंडी तारेची असते आणि तिच्यावर याहून जास्त वारंवारता चालते. ते खरे आहे, कारण उंच वारंवारतेचा प्रवाह तारेच्या पृष्ठभागावरच्या तांब्यातून वाहतो. पण डिशचा सिग्नल फक्त उंच पट्ट्यात असतो, तर एसडीआयच्या बिटांमध्ये अगदी खालच्या वारंवारताही असतात, आणि त्यांना आतपर्यंत तांबेच लागते.

७५ ओहमचा, म्हणजे केबलच्या इम्पीडन्सचा मुद्दाही याच हिशेबाने समजतो. कॅमेरा, केबल, बीएनसी आणि मिक्सर हे सारे ७५ ओहमचे असतील तर सिग्नल पुढे निघून जातो. मध्ये ५० ओहमचा तुकडा आला, तर त्या सांध्यावर व्होल्टेजचा २० टक्के, म्हणजे शक्तीचा ४ टक्के भाग मागे परततो. ५ मेगाहर्ट्झला केबलमधील तरंगलांबी सुमारे ५० मीटर असल्यामुळे ३ सेंटिमीटरच्या चुकीच्या बीएनसीची अ‍ॅनालॉग चित्राला झळही लागत नाही. १४८५ मेगाहर्ट्झला तीच तरंगलांबी साधारण १७ सेंटिमीटर होते, आणि तिच्यापुढे ३ सेंटिमीटर काही थोडे नाहीत. परत आलेला भाग पुढच्या बिटांत मिसळतो. असा एखादा सांधा चालून जातो, पण पॅच, जोडणी आणि पॅनेल धरून चार-पाच सांधे झाले की त्यांची बेरीज नडते. ५० आणि ७५ ओहमचे बीएनसी एकमेकांत सहज बसतात, त्यामुळे घेताना तोंडाशी पाहावे. मधल्या पिनाभोवती पांढऱ्या प्लास्टिकची भरीव कडी असेल तर तो बहुधा ५० ओहमचा असतो, आणि भोवती मोकळी हवा दिसत असेल तर ७५ ओहमचा.

आता त्याच लॉन्सचा हिशेब पाहू. अंतर ९० मीटर होते. आमच्या केबलच्या माहितीपत्रकाप्रमाणे १०० मीटरला ७५० मेगाहर्ट्झवर सुमारे १८ डेसिबल आणि १५०० मेगाहर्ट्झवर सुमारे २६ डेसिबल घट होते. म्हणजे ९० मीटरला एचडीसाठी १६ आणि थ्रीजीसाठी साडेतेवीस डेसिबल झाले. २० डेसिबलपर्यंतची घट सुरक्षित धरण्याचा प्रघात आहे. मिक्सरमधला, केबलमधली घट भरून काढणारा इक्वलायझर त्यापुढेही ताणतो, पण लग्नाच्या कामात त्याच्या भरवशावर राहणे मला पटत नाही. म्हणून तेथे आम्ही एचडी-एसडीआयवर जाणारे १०८०आय ५० ठेवले आणि संपूर्ण कार्यक्रम अडथळ्याविना पार पडला. रिकाम्या वेळी थ्रीजी लागणारे १०८०पी ५० लावून पाहिले, तेव्हा चित्र आले, पण अधूनमधून ठिपके चमकत होते.

हे ठिपके गांभीर्याने घ्यावेत. अ‍ॅनालॉगमध्ये अंतर वाढले की चित्र मऊ होते, रंग फिका पडतो, नंतर बर्फ दिसू लागतो, पण चेहरा ओळखू येत राहतो. एसडीआय शेवटपर्यंत निर्दोष दिसते, आणि ठिपके दिसू लागल्यावर आणखी थोड्याच मीटरांत पडदा काळा होतो. म्हणून चित्र स्वच्छ दिसते यावर समाधान न मानता आम्ही चाचणीच्या वेळी मुद्दाम १० मीटरचा जास्तीचा तुकडा जोडतो. त्यावरही चित्र टिकले तरच हाताशी थोडी जागा आहे असे समजतो आणि मग तो तुकडा काढून घेतो.

खान्देशच्या उन्हाळ्याचाही यात थोडा वाटा आहे. तापमान एका अंशाने वाढले की तांब्यामुळे होणारी घट सुमारे ०.२ टक्क्यांनी वाढते. माहितीपत्रकातील आकडे २० अंशांचे असतात, आणि मे महिन्यात उन्हात पडलेली काळी केबल सहज ६० अंशांना जाते, म्हणजे घट सुमारे ८ टक्क्यांनी वाढते. १६ डेसिबलचे सव्वासतरा होतात आणि एचडी तरून जाते, पण आधीच काठावर असलेल्या जोडणीला एवढेही पुरते. सकाळच्या चाचणीत चाललेले चित्र दुपारी तुटत असेल, तर मिक्सर उघडण्याआधी केबल सावलीत घ्यावी.

तक्रारी दोन आहेत. भरीव तारेमुळे ही केबल ताठ आहे आणि रोज गुंडाळण्याच्या कामाला ती फारशी राजी नसते. काही महिन्यांत एका टोकाची मधली पिन आत सरकली आणि क्रिंप नव्याने करावा लागला. रोज उचलावे लागणाऱ्या कॅमेऱ्यासाठी बहुपदरी तारेची मऊ केबल बरी, मात्र तिच्यावर अंतर कमी मिळते. दुसरी तक्रार फोमची. लग्नात खुर्चीचा पाय किंवा गाडीचे चाक तिच्यावरून गेले की फोम दबतो आणि तेवढ्या जागेचे ७५ ओहम बिघडतात. वरून काहीच दिसत नाही. वाटेवर रबराचा रॅम्प टाकणे आणि केबल ७ सेंटिमीटरपेक्षा कमी त्रिज्येत न वळवणे एवढे पथ्य आम्ही पाळतो.

दुकानाच्या गल्ल्यावर अ‍ॅनालॉग कॅमेरा लावायचा असेल, तर या केबलवर पैसे घालण्याचे कारण नाही. तेथे चांगल्या तांब्याची साधी आरजी-५९ पुरते. एसडीआयसाठी ७० मीटरपर्यंत थ्रीजी आणि १०० मीटरपर्यंत एचडी एवढे काम मी या केबलवर निःशंकपणे घेतो. त्यापुढे मध्ये सिग्नल नव्याने ताजा करून पाठवणारा रीक्लॉकर घालतो किंवा फायबरचा कन्व्हर्टर भाड्याने आणतो.