"मावशी, सेल गेलाय" : इन्व्हर्टर बॅटरीच्या सर्व्हिसवाल्याकडून झालेली फसवणूक

बार्शीत आमच्या आईकडे मे महिन्यात एक माणूस आला, खांद्याला बॅग, हातात डिस्टिल्ड वॉटरचा कॅन, "इन्व्हर्टर बॅटरीची फ्री सर्व्हिस चालू आहे" म्हणाला. उन्हाळ्यात लाईट रोज जाते त्यामुळे सगळ्यांनाच बॅटरीची काळजी असते, आईने घरात घेतलं. तासाभरात आमची दोन वर्षांची १५० एएच ट्युब्युलर बॅटरी उचलून तो घेऊन गेला, वर साडेसात हजार रुपये घेतले आणि "नवीन" म्हणून एक बॅटरी ठेवून गेला. मी यूपीएस-बॅटरीच्या मेंटेनन्सचंच काम करतो, पण मी पुण्यात होतो आणि त्याने आईला फोन करायलाही सवड दिली नाही, "आज स्कीमचा शेवटचा दिवस आहे" वगैरे नेहमीचंच. हे सविस्तर लिहितोय कारण त्याने जी ट्रिक केली ती डोळ्यांसमोर होते, तरी कळत नाही.

झालं असं. त्याने आधी सहाही सेलची झाकणं काढली, आईला म्हणाला पाणी कमी आहे बघा, आणि सगळ्या सेलमध्ये डिस्टिल्ड वॉटर भरलं. इथपर्यंत ठीकच आहे, झाकणांवरचे पाण्याची लेव्हल दाखवणारे फ्लोट खाली गेले होते हे आईनेही पाहिलं होतं. मग लगेच, पाच मिनिटंही झाली नसतील, बॅगेतून हायड्रोमीटर काढला (काचेची नळी, वर रबरी फुगा, आत लाल-पांढरा-हिरवा पट्टा असलेला फ्लोट) आणि प्रत्येक सेलची ग्रॅव्हिटी, म्हणजे आतलं द्रावण पाण्याच्या किती पट जड आहे तो आकडा, घेऊन आईला दाखवली. सगळे फ्लोट लाल पट्ट्यात. चौथ्या सेलला तर फ्लोट नळीच्या तळाशीच. "मावशी, सेल गेलाय. एक सेल गेला की बाकीचे पण जातात, एक्स्चेंजमध्ये देऊन टाका." आणि स्वतःच्या अक्षरात एक चिठ्ठी लिहून दिली, ज्याच्यावर नाव नाही, शिक्का नाही, फक्त आकडे. ११४०, ११३०, ११५०, १०९०, ११४०, ११३५. खाली व्होल्टेज १२.३६.

मी घरी पोचल्यावर ती चिठ्ठी बघितली आणि डोकंच फिरलं, कारण त्याचं खोटं त्याच्याच चिठ्ठीवर लिहिलेलं होतं.

आधी ग्रॅव्हिटी लाल का दिसली ते सांगतो. बॅटरीतलं द्रावण म्हणजे सल्फ्युरिक ॲसिड आणि पाणी. आपल्याकडच्या इन्व्हर्टरच्या ट्युब्युलर बॅटऱ्यांची फुल चार्जला ग्रॅव्हिटी साधारण १.२४० असते, बोलताना सगळे "बाराशे चाळीस" म्हणतात. साधं पाणी १.०००. पाणी हलकं, त्यामुळे वरून ओतलं की ते वरच राहतं, खालच्या ॲसिडमध्ये आपोआप मिसळत नाही. सरबतात वरचा बर्फ वितळला की पहिला घोट कसा फिका लागतो तसंच. आणि हायड्रोमीटरची नळी झाकणाच्या भोकातून कुठपर्यंत जाणार, वरच्याच थरापर्यंत. म्हणजे त्याने आत्ताच ओतलेलं पाणी परत ओढलं आणि त्याचीच ग्रॅव्हिटी दाखवली. चौथ्या सेलमध्ये पाणी जास्त लागलं होतं म्हणून तिथे सगळ्यात कमी आकडा आला, बस. हे पाणी मिसळायला बॅटरी चार्ज व्हावी लागते, चार्जिंगच्या शेवटी प्लेटांवरून बुडबुडे निघतात तेच ते ढवळतात. म्हणून पाणी भरल्यावर बॅटरी पूर्ण चार्ज होऊन काही तास जाईपर्यंत घेतलेल्या रीडिंगला काडीचीही किंमत नसते, हे लाईनमधल्या पहिल्या महिन्याच्या पोरालाही माहीत असतं.

आता त्या चिठ्ठीतलं व्होल्टेज. लेड-ॲसिड सेलचा एक सोपा हिशोब आहे जो आम्ही रोज वापरतो : बॅटरी चार्जिंगवर नसताना, लोड नसताना, थोडी शांत झाल्यावर सेलचं व्होल्टेज म्हणजे ग्रॅव्हिटी अधिक ०.८४. फुल चार्ज सेल १.२४० ला २.०८ व्होल्ट, सहा सेलचे १२.४८. आता त्याने लिहिलेल्या सहा ग्रॅव्हिटींना हाच हिशोब लावा, बेरीज ६.७८५, त्यात सहा वेळा ०.८४ म्हणजे ५.०४ मिळवा, ११.८२ येतात. ग्रॅव्हिटी खरी असती तर मीटरवर पावणेबाराच्या जरा वर दिसायला हवं होतं. त्याचा मीटर म्हणतोय १२.३६, म्हणजे सेलला २.०६, म्हणजे सरासरी ग्रॅव्हिटी १२२० च्या आसपास. बॅटरी जवळजवळ भरलेली होती! आणि खरंच एखादा सेल शॉर्ट होऊन गेला असता तर त्याचे दोन व्होल्ट गेले असते, मीटर साडेदहाच्या आसपास आला असता. (लाईट चालू असताना, चार्जिंगवर बघितलं तर १३-१४ व्होल्ट दिसतात, तो आकडा या हिशोबात धरायचा नाही. त्या वेळी लाईट गेलेली होती, घरात फक्त एक पंखा चालू होता, त्यामुळे झालाच तर आकडा खऱ्यापेक्षा किंचित कमीच आला असणार.)

अजून एक गोष्ट, हायड्रोमीटरवरचे रंग. बाजारात मिळणारे बहुतेक स्वस्त हायड्रोमीटर गाडीच्या बॅटरीच्या हिशोबाने रंगवलेले असतात, हिरवा पट्टा साधारण १२५० च्या पुढे सुरू होतो. ट्युब्युलर बॅटरी फुल चार्ज असली तरी ती पांढऱ्या पट्ट्यातच दिसणार, हिरव्यात नाहीच. त्यामुळे रंग बघायचेच नाहीत, आकडा वाचायचा. उलटी फसवणूक करणारेही आहेत, "टॉनिक" म्हणून ॲसिड ओततात, फ्लोट मस्त हिरव्यात जातो, गिऱ्हाईक खूष. पण बॅटरीतून उडतं ते फक्त पाणी, ॲसिड आतच राहतं, त्यामुळे वरून ॲसिड घातलं की ते जास्तीचंच होतं आणि प्लेटा लवकर खाल्ल्या जातात, बॅकअप काही वाढत नाही.

तर, आमची बॅटरी गेली ती गेली. पण आईने सांगितलं की तोच माणूस शेजारच्या काकांकडेही पाणी भरून, तसंच रीडिंग दाखवून गेलाय आणि रविवारी नवीन बॅटरी घेऊन येणार आहे. लगेच गेलो. काकांना म्हटलं बॅटरी देऊ नका, आधी मला बघू द्या.

रात्रभर चार्ज होऊ दिली. सकाळी मेन बंद, लोड बंद, दोन तास तशीच ठेवली, मग प्रत्येक सेलचं रीडिंग घेतलं : १२३०, १२३५, १२३०, ११९५, १२३५, १२३०. हिशोबाने १२.३९, मीटरवर १२.४. जुळलं. म्हणजे पाच सेल ठणठणीत, चौथा ३५ पॉईंटने मागे. (गरम द्रावणाची ग्रॅव्हिटी कमी दिसते, २७ डिग्रीच्या वर दर दहा डिग्रीला साधारण सात पॉईंट, म्हणून उन्हाळ्यात भर दुपारच्या रीडिंगने घाबरायचं नाही.) सेलमध्ये तीसेक पॉईंटचा फरक पडला की आम्ही इक्वलायझेशन करतो. लाईट सारखी जात राहिली की बॅटरी पूर्ण चार्ज न होताच परत वापरली जाते, जो सेल थोडा मागे आहे तो दर वेळी अजून मागे पडतो, त्याच्या प्लेटांवर सल्फेट बसत जातं. हा सेल "गेलेला" नसतो, उपाशी असतो, आणि त्याला वर आणायला मुद्दाम थोडं ओव्हरचार्ज करावं लागतं.

मित्राकडून बेंच चार्जर आणला. इन्व्हर्टरच्या वायरी दोन्ही काढल्या, कारण या चार्जिंगला व्होल्टेज सोळाच्या जवळ जातं आणि घरगुती इन्व्हर्टरला ते झेपेलच असं नाही (काही इन्व्हर्टरमध्ये इक्वलायझेशनचा मोड असतो, मग तोच वापरा). करंट सात अँपियर, म्हणजे १५० एएचच्या पाच टक्क्याच्या आत. खिडक्या-दार उघडं, कारण हायड्रोजन निघतो, आणि काकूंनी देवघरातली उदबत्ती सुद्धा तेवढ्यापुरती विझवली. दर तासाला रीडिंग. बाकीचे सेल लवकरच १२४० वर जाऊन थांबले, चौथा ११९५ वरून १२१०, मग १२२०, मग १२२५, आणि सलग तीन रीडिंग १२२५ च राहिला. तीन वेळा तोच आकडा आला की थांबायचं, पुढे नुसतं पाणी उडतं. मधे मधे द्रावणाचं तापमानही बघत होतो, पन्नास डिग्रीच्या जवळ जाऊ लागलं तर चार्जर बंद करून थंड होऊ द्यायचं. फ्लोट कुठे खाली दिसले तिथे शेवटी, चार्जिंग झाल्यावर, डिस्टिल्ड वॉटर टाकलं. आधी काठोकाठ भरलं तर चार्जिंगला लेव्हल वर येऊन ॲसिड बाहेर सांडतं, फक्त प्लेटा उघड्या पडल्या असतील तरच चार्जिंगआधी त्या बुडतील इतकंच घालायचं. आणि पाणी दुकानातलंच घ्या, आरओचं किंवा एसीच्या पाईपचं नको, त्यात क्षार किंवा मळ असतो. इक्वलायझेशननंतरही चौथा पन्नास पॉईंट मागे राहिला असता तर मीच काकांना वॉरंटीत क्लेम करा म्हटलं असतं. हे सगळं बिनझाकणाच्या, मेंटेनन्स-फ्री किंवा जेल बॅटरीवर अजिबात करू नका.

रविवारी तो आला. काकांनी शांतपणे म्हटलं, "आधी मीटर लाव आणि व्होल्टेज दाखव." म्हणाला मीटरचा सेल संपलाय. काकांनी माझा मीटर पुढे केला तर "गाडीतून येतो" म्हणून जो गेला तो गेला, फोनही तेव्हापासून बंद.

आमच्याकडे ठेवून गेलेल्या बॅटरीचं सांगायचं तर, ती तो एकटा जिन्यावरून उचलून आला होता असं आई म्हणाली. १५० एएचची उंच ट्युब्युलर बॅटरी ॲसिडसकट पन्नास किलोच्या वरच भरते, ती एकट्याने जिना चढून आणणं अवघडच. मी उचलून बघितली तर हलकीच निघाली, स्टिकरच्या कडेखाली जुना स्टिकर दिसतोय, आणि एक पंखा-दोन ट्यूबवर तासभरही टिकत नाही. आमची मूळ बॅटरी वॉरंटीत होती, नुसत्या भंगाराचेच तीन-चार हजार आले असते. पोलिसात अर्ज दिलाय, सोबत त्याची चिठ्ठी, आणि वॉरंटी कार्डवरचा सिरीयल नंबरही, कारण तोच नंबर बॅटरीवर कोरलेला असतो आणि ती बॅटरी कुठे क्लेमला किंवा विक्रीला आली तर ओळखता येईल. सोलापूर-धाराशिव भागात कोणाकडे असा फ्री सर्व्हिसवाला आला असेल तर त्याने लिहिलेली चिठ्ठी फेकू नका, फोटो काढून मला पाठवा, अक्षर जुळलं तर अर्जाला जोडतो.