गोणपाट की हवाबंद पिशवी?

कोकणात पावसाळ्यात हवेची आर्द्रता अनेक दिवस ऐंशी टक्क्यांच्या वर राहते, त्यामुळे चैत्रात कडक उन्हात वाळवून १२ टक्के ओलाव्यावर आणलेला तांदूळही गोणपाटात असला की श्रावणापर्यंत हवेतले पाणी ओढून १४ टक्क्यांपुढे जातो आणि तिथे सोंडकिडा झपाट्याने वाढतो. मादी दाण्याला भोक पाडून आत अंडे घालते व भोक बुजवते. अळी दाण्यातच वाढत असल्याने महिनाभर वरून काहीच दिसत नाही, आणि किडे बाहेर दिसतात तेव्हा पुढची पिढी आत तयार असते.

हवाबंद पिशवीत बाहेरची दमट हवा शिरत नाही. आत राहिलेला प्राणवायू किडेच श्वासोच्छ्वासात संपवतात. तो पाच टक्क्यांखाली गेला की ते खाणे थांबवतात आणि हळूहळू मरतात. म्हणूनच पन्नास किलो तांदूळ भरताना पिशवी काठोकाठ भरावी, तोंडाशी हवा दाबून काढावी, पिळून दुमडून घट्ट बांधावे आणि पहिला महिना उघडू नये.

मात्र ओला दाणा इथे गोणपाटापेक्षाही वाईट ठरतो, कारण ओल बाहेर पडायला वाटच नसते आणि तांदूळ आंबतो. कोरड्या बाटलीत दाणे व कोरडे मीठ हलवून पाहावे. मीठ काचेला चिकटले तर ओलावा साधारण १५ टक्क्यांहून जास्त आहे, पण न चिकटणे म्हणजे १२ टक्के नव्हे, म्हणून आणखी एक ऊन द्यावेच. उंदराने एक भोक पाडले तरी पिशवीचे गोणपाटच होते.