चुंबक की फिरकी? ॲव्हरेज वाढवणाऱ्या यंत्रांचा हिशेब

कापसाचे पैसे हाती येण्याच्या दिवसांत आठवडी बाजारात एखादा तरी विक्रेता पेट्रोलच्या नळीवर बसणारे चुंबक घेऊन उभा असतो. "भाऊ, ५० ची गाडी ६० देते, पाहून घ्या!" त्याच्याच शेजारी हवेच्या पाइपात बसवायची पत्र्याची फिरकी असते, तिचाही दावा तसाच. दोन्हींतली कोणती घ्यावी, हे ठरवण्याआधी एक प्रश्न विचारावा लागतो: हे वाचलेले पेट्रोल नेमके येणार कुठून?

दोन्ही विक्रेते म्हणतात की इंजिनात पेट्रोल अर्धवट जळते आणि त्यांचे यंत्र ते पूर्ण जाळते. पण धडधाकट इंजिनात ९७-९८ टक्के इंधन तसेही जळतेच. डिझेल इंजिनात तर गरजेपेक्षा जास्त हवा असते, त्यामुळे तिथे न जळलेले आणखी कमी उरते. आपला ॲव्हरेज कमी पडतो तो वेगळ्याच कारणाने. जळून निघालेल्या उष्णतेचा मोठा भाग सायलेन्सरमधून आणि इंजिनाच्या अंगातून हवेत जातो, चाकापर्यंत फार तर पाव हिस्सा पोचतो. हे नुकसान जळून झाल्यानंतरचे आहे, तिथे चुंबकाचा काही संबंधच येत नाही.

आकड्यांत पाहू. ५० चा ॲव्हरेज देणारी गाडी महिन्याला १००० किलोमीटर चालली तर २० लिटर पेट्रोल लागते. तीन टक्के इंधन न जळता जाते असे धरले आणि यंत्राने त्यातला थेंबन् थेंब जाळला, तरी ॲव्हरेज ५१.५ च्या आसपास जाईल. महिन्याला साधारण ६०० मिली वाचेल. ६० चा आकडा त्या तीन टक्क्यांत कुठूनच बसत नाही.

आता दोघांना वेगवेगळे तपासू. चुंबकवाला म्हणतो की पेट्रोलच्या रेणूंचे गुच्छ असतात आणि चुंबक ते फोडते. पण पेट्रोल लोखंडासारखे चुंबकाला चिकटत नाही, उलट त्याला किंचित दूर ढकलते. रेणू उष्णतेने आपसात जितके धडकत असतात, त्यापुढे या चुंबकाचा जोर नगण्य. आणि पेट्रोल द्रव असताना जळतच नाही. जळण्याआधी त्याची वाफ होते आणि वाफेत रेणू आपोआपच सुटे होतात. म्हणजे जे काम उष्णता फुकटात करते, त्याचे पैसे आपण चुंबकाला देणार.

फिरकीची गोष्ट जरा खरी वाटते, कारण सिलेंडरमध्ये हवेचा घुमाव असला की मिश्रण लवकर जळते, हे खरेच आहे. पण तो घुमाव कंपनीने व्हॉल्व्हजवळच्या वाटेच्या आकारातच बसवलेला असतो. पाइपातल्या फिरकीने तयार केलेला भोवरा थ्रॉटलची पट्टी, वळणे आणि व्हॉल्व्हची फट ओलांडताना मोडून पडतो. उरतो तो फक्त अडथळा. बाइकवर पूर्ण ॲक्सिलरेटर दिल्यावर ताकद घटते. ट्रॅक्टरला फिरकी बसवली आणि रोटाव्हेटर लावला की हवा कमी पडून काळा धूर निघू शकतो. पैसे वायाच घालवायचे तर चुंबकात घाला, त्याने निदान बिघाड तरी होत नाही.

विजेने पाण्याचा वायू करून तो इंजिनात जाळायला सोडणारे किट या दोघांहून महागडे आणि हिशेबात सगळ्यांत कच्चे. त्याला वीज अल्टरनेटर देतो, अल्टरनेटर इंजिनावर चालतो आणि इंजिन पेट्रोलवर. प्रत्येक टप्प्यावर घट होते, म्हणून जितके पेट्रोल घातले त्याहून कमीच हाती येते.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९७० च्या दशकापासून अशी शंभराहून अधिक साधने तपासली. बहुतेकांनी काहीच वाचवले नाही, थोड्यांनी किंचित वाचवले, आणि त्यांपैकी काहींनी प्रदूषण वाढवले.

मग "माझ्या गाडीला फरक पडला" असे लोक का सांगतात? बसवताना मिस्त्री बहुधा एअर फिल्टर झटकतो, कार्बोरेटर सेट करतो, चाकात हवा भरतो. पैसे मोजल्यावर माणूसही जरा जपून चालवतो. जुन्या गाडीचा कार्बोरेटर बिघडून काळा धूर येत असेल, तर तिथे न जळणारे पेट्रोल खरोखर जास्त असते, पण त्यावर इलाज कार्बोरेटर आणि फिल्टर हाच.

तरी खात्री करायची असेल, तर गाडी मधल्या स्टँडवर लावून एका ठरावीक खुणेपर्यंत टाकी भरा आणि त्याच रस्त्यावर २०० किलोमीटर चालवा. आधी यंत्राशिवाय, मग यंत्रासह, मग पुन्हा काढून. मधल्या काळात फिल्टरला हात लावू देऊ नका, टायरची हवा सारखी ठेवा. ४ लिटर भरताना २०० मिलीची चूक सहज होते, म्हणजे पाच टक्क्यांपर्यंतचा फरक या मोजणीत दिसणारच नाही. पण २० टक्क्यांचा दावा खरा असता, तर तो अशा मोजणीतही लपला नसता. शेवटची फेरी टाळू नका. यंत्र काढल्यावरही ॲव्हरेज तेवढाच राहिला, तर फरक यंत्राने पडलेला नव्हता.